समानतेच्या हक्कावरील प्रश्नाला पटतील असे चुकीचे पर्याय कसे लिहावेत

सांगलीत विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मी काही वर्षे सराव चाचण्या काढतो आहे. राज्यघटनेचे प्रश्न लिहायला बसल्यावर पहिल्यांदा वाटले होते की बरोबर उत्तर सापडले की काम संपले, उरलेले तीन पर्याय जाता जाता सुचतील. प्रत्यक्षात उलटे घडले. बरोबर उत्तर संविधानाच्या पुस्तकात लिहिलेलेच असते. चुकीचे पर्याय मात्र कुठेच लिहिलेले नसतात आणि प्रश्नाची सगळी ताकद त्यांच्यात असते. नव्याने प्रश्नसंच तयार करणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून समानतेच्या हक्काच्या व्याप्तीवरचा एकच प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवून दाखवतो. अनुच्छेद 14 ते 18 मधल्या प्रत्येक कलमावर लिहिण्यापेक्षा हा एक प्रश्न नीट समजला, तर बाकीचे प्रश्न त्याच वाटेने लिहिता येतात.

लागणारे साहित्य

संविधानाची अधिकृत मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत, दोन्ही शेजारी ठेवाव्यात. प्रत अलीकडच्या घटनादुरुस्त्यांसह असावी. अभ्यासिकांमध्ये फिरणाऱ्या जुन्या झेरॉक्स प्रतींमध्ये 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद 15(6) आणि 16(6) नसतात, आणि अशा प्रतीवरून लिहिलेला पर्याय आपल्याला चुकीचा वाटत असतानाच बरोबर ठरू शकतो. दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांनी आधीच्या चाचण्यांत केलेल्या चुकांची वही. तिसरी गोष्ट म्हणजे उत्तर न सांगता प्रश्न वाचायला देता येतील अशी दोन माणसे, ज्यांपैकी एकाला कायद्याची जाण असावी.

मराठी प्रत हवीच, कारण शब्दांचा घोळ तिथेच मिटतो. अनुच्छेद 15(1) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही पाच कारणे आहेत. अनुच्छेद 16(2) मध्ये त्यांत ‘कूळ’ आणि ‘निवास’ यांची भर पडते. बाजारातल्या काही टिपणांत ‘कूळ’ या जागी ‘वंश’ लिहिलेले असते. असे टिपण वाचलेला मुलगा ‘वंश’ हे कारण फक्त 16 मध्ये आहे असे समजून उत्तर देतो आणि नंतर भांडतो, तेव्हा त्याची चूक म्हणता येत नाही. म्हणून अधिकृत प्रतीतला शब्द जसाच्या तसा घ्यावा.

1. प्रश्नाने नेमके काय तपासायचे ते एका वाक्यात लिहून ठेवा

‘समानतेच्या हक्काची व्याप्ती’ हा विषय झाला, तपासण्याचा मुद्दा नव्हे. व्याप्ती म्हणजे कोणाला हक्क आहे, कोणाविरुद्ध आहे आणि कोणत्या कारणांवरून होणाऱ्या भेदाविरुद्ध आहे, असे निदान तीन वेगळे प्रश्न तिच्यात दडलेले असतात. या लेखातल्या प्रश्नासाठी मी पहिला निवडला आणि कागदाच्या डोक्यावर लिहिले: ‘अनुच्छेद 14 “कोणत्याही व्यक्तीस” संरक्षण देतो, अनुच्छेद 15(1) “कोणत्याही नागरिकाला” देतो, हा फरक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष प्रसंगात ओळखता येतो का?’

हे वाक्य कामभर समोर राहू द्यावे. पर्याय लिहिताना सुचणाऱ्या गोष्टी फार मोहक असतात. अस्पृश्यता, किताब, आरक्षण असे काहीही मध्ये येऊ लागते. मुद्द्याशी नाते नसलेला पर्याय विद्यार्थी वाचताक्षणी बाजूला टाकतो.

2. चुकीची उत्तरे स्वतः रचण्याआधी विद्यार्थ्यांकडून गोळा करा

पटणारा चुकीचा पर्याय हा कोणाच्या तरी डोक्यात आधीच असलेला समज असतो. तो कल्पनेने रचायला गेलात तर तुमच्या डोक्यातला समज उतरतो, आणि तुम्हाला तर उत्तर माहीत असते. म्हणून मी हाच प्रश्न आधी पर्यायांशिवाय देतो. चिठ्ठीवर दोन ओळींत उत्तर आणि त्याचे कारण लिहायला सांगतो. कारण मागणे आवश्यक आहे, कारण नुसत्या ‘होय’ किंवा ‘नाही’मधून काहीच हाती लागत नाही.

परदेशी नागरिकाला समानतेचा हक्क आहे का, या प्रश्नावरच्या चिठ्ठ्यांत तीन समज पुन्हा पुन्हा दिसले. पहिला समज असा की मूलभूत हक्क फक्त भारतीयांना असतात. तो कुठून येतो हे जतहून येणाऱ्या एका मुलीच्या वहीत मला दिसले. तिने ‘15, 16, 19, 29, 30 – फक्त नागरिक’ अशी यादी बरोबर लिहिली होती, पण त्याखाली पेन्सिलने कंस करून ‘समानता + स्वातंत्र्य = नागरिक’ असे स्वतःसाठी सोपे करून ठेवले होते. यादी बरोबर होती. सोपे करताना 14 सुटला. दुसरा समज असा की भेदभाव म्हटला की अनुच्छेद 15 आणि परदेशी म्हटले की जन्मस्थान. तिसरा समज सर्वांत खोल होता: ‘कायद्यापुढे समानता’ या शब्दांवरून काही जणांना वाटत होते की 14 चे बंधन फक्त विधिमंडळाने केलेल्या कायद्यांवर असते, कार्यालयातून निघणाऱ्या आदेशावर नसते. हा तिसरा समज मला एरवी कधीच सुचला नसता.

3. प्रसंग लिहा आणि त्यातली फट आधी बुजवा

चुकीचे पर्याय पक्के हवेत तर त्यांच्यावरचा प्रश्नही पक्का हवा. माझा पहिला मसुदा असा होता: ‘परवाना शुल्क थकवणाऱ्या पाच दुकानदारांपैकी महानगरपालिकेने फक्त परदेशी दुकानदाराचे दुकान बंद केले. त्याला समानतेच्या हक्काचा आधार घेता येईल का?’

जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठ परिचितांना तो वाचायला दिला. त्यांनी कागदावर एकच ओळ लिहून परत केला: ‘बेकायदेशीरपणात समानता कशी मागणार?’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. दुसऱ्याला नियमाविरुद्ध सूट मिळाली म्हणून मलाही ती द्या, असे अनुच्छेद 14 खाली मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. माझ्या प्रसंगात पाचही दुकानदार थकबाकीदार होते, त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर देणाऱ्या हुशार विद्यार्थ्याकडे भक्कम कारण असते आणि माझी उत्तरतालिका उघडी पडली असती.

दुसरी फट मला नंतर दिसली. नागरिक आणि परदेशी असा फरक प्रत्येक वेळी अवैध नसतो. वर्गीकरण स्पष्ट फरकावर आधारलेले असेल आणि त्या फरकाचा कायद्याच्या उद्देशाशी वाजवी संबंध असेल, तर अनुच्छेद 14 त्याला मान्यता देतो. म्हणजे ‘आदेश रद्द होईल का’ असे विचारले तर उत्तर वादाचे होते. ‘हक्काचा आधार घेता येईल का’ असे विचारले तर वाद राहत नाही, कारण तिथे हक्क कोणाला आहे एवढेच तपासले जाते.

दोन्ही फटी बुजवून प्रसंग असा झाला:

‘एका महानगरपालिकेने परवाना शुल्क थकवल्याबद्दल पाच दुकानदारांवर एकाच नियमाखाली कारवाई सुरू केली. चौघांना नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी दिली. पाचव्याचे दुकान मात्र नोटीस न देता बंद केले. पाचवा दुकानदार परदेशी नागरिक असून त्याला भारतात राहण्याची व व्यवसाय करण्याची वैध परवानगी आहे. या वागणुकीविरुद्ध दाद मागताना त्याला समानतेच्या हक्काचा आधार घेता येईल का?’

आता तो नियमबाह्य सवलत मागत नाही. इतरांना कायद्याने मिळालेली संधी मागतो आहे. ‘वैध परवानगी’ हे शब्द फालतू वाटले तरी काढू नयेत. ते नसतील तर मुलांचे लक्ष त्याच्या वास्तव्याच्या वैधतेकडे जाते आणि मुद्दा बदलतो.

4. प्रत्येक पर्यायात उत्तरासोबत कारणही लिहा

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. पहिल्या मसुद्यात माझे पर्याय होते: फक्त 14 चा आधार, फक्त 15 चा आधार, दोन्हींचा आधार, एकाचाही नाही. दिसायला ते नीटनेटके होते, पण त्यांत कोणाचाही समज उतरलेला नव्हता. उत्तर न येणारा मुलगा ‘दोन्ही’ आणि ‘एकही नाही’ ही टोके सोडून देतो आणि उरलेल्या दोनांत अंदाज लावतो. कोणता गैरसमज आहे ते आपल्यालाही कळत नाही.

कारणासह पर्याय लिहिले की चित्र बदलते. चिठ्ठ्यांतले तीन समज मी असे उतरवले:

अ) नाही, अनुच्छेद 14 ते 18 मधील सर्व हक्क केवळ नागरिकांना दिलेले आहेत.

ब) होय, अनुच्छेद 14 चे संरक्षण नागरिक नसलेल्या व्यक्तीलाही मिळते.

क) होय, जन्मस्थानावरून होणाऱ्या भेदभावास अनुच्छेद 15(1) ने मनाई केलेली आहे.

ड) नाही, अनुच्छेद 14 कायद्यांना लागू होतो, महानगरपालिकेच्या आदेशांना नाही.

दोन ‘होय’ आणि दोन ‘नाही’ असल्यामुळे नुसता कौल बरोबर ठरवून गुण मिळत नाही. चारही पर्यायांची लांबीही जवळपास सारखी आहे. नवा प्रश्नकर्ता बरोबर पर्यायात सगळ्या अटी घालतो, तो लांबट होतो, आणि परीक्षेला सरावलेली मुले सर्वांत लांब पर्याय निवडून मोकळी होतात. बरोबर पर्याय लांबला तर त्यातल्या अटी प्रसंगात हलवाव्यात.

5. चुकीचा पर्याय खरोखर चुकीचा आहे हे कलमानिशी सिद्ध करा

प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर मी तो का चुकीचा आहे ते एका ओळीत, कलमाच्या क्रमांकासह लिहितो. ती ओळ लिहिता आली नाही तर पर्याय टाकून देतो. वरचे तीन पर्याय या कसोटीला लावून पाहू.

‘अ’ चुकीचा, कारण अनुच्छेद 14 मध्ये ‘कोणत्याही व्यक्तीस’ असे शब्द आहेत. ‘ड’ चुकीचा, कारण अनुच्छेद 12 मधील ‘राज्य’ या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणे येतात आणि महानगरपालिका त्यांत मोडते. शिवाय 14 कार्यकारी कृतीलाही लागू होतो. हे दोन्ही पर्याय टिकले.

‘क’ मात्र अडकला. पुन्हा वाचून पाहा: जन्मस्थानावरून होणाऱ्या भेदभावास अनुच्छेद 15(1) ने मनाई केलेली आहे, हे वाक्य स्वतंत्रपणे पाहिले तर खरे आहे. ते या दुकानदाराला लागू होत नाही एवढीच त्यातली चूक आहे, आणि ती चूक पर्यायात लिहिलेली नाही. ‘होय’ हे उत्तर बरोबर आणि पुढचे वाक्यही खरे, तर गुण का कापले, अशी हरकत आली की प्रश्न रद्द करण्यावाचून मार्ग राहत नाही. घटनेच्या प्रश्नांत सर्वांत जास्त नडणारा सापळा हाच आहे. म्हणून चूक पर्यायाच्या शब्दांतच यायला हवी. सुधारलेला ‘क’ असा:

क) होय, जन्मस्थानावरून भेदभावाविरुद्धचे अनुच्छेद 15(1) चे संरक्षण त्यालाही मिळते.

‘त्यालाही मिळते’ हे विधान आता निर्विवाद चुकीचे आहे, कारण 15(1) नागरिकांपुरता आहे. जन्मस्थान आणि राष्ट्रीयत्व या एकच गोष्टी नव्हेत, ही त्यातली दुसरी चूक. तरीही ज्याच्या मनात ‘भेदभाव म्हणजे 15’ हे समीकरण बसले आहे त्याला तो पहिल्याइतकाच पटतो.

याच कारणाने मी आणखी एक पर्याय बाद केला होता: ‘नाही, व्यवसाय करण्याचा अनुच्छेद 19(1)(छ) चा हक्क केवळ नागरिकांना आहे.’ यातला कारणाचा भाग पूर्ण खरा आहे. तो फक्त भलत्या प्रश्नाचे उत्तर आहे. असा पर्याय चलाख वाटतो, पण त्यातून विद्यार्थ्याचा 14 विषयीचा समज कळत नाही.

6. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘कधीही’ हे शब्द वापरताना दोनदा थांबा

या शब्दांचे धोके दोन आहेत. पहिला सर्वांना माहीत असतो: असे शब्द असलेला पर्याय चुकीचा, हे मुले जाणतात. आमच्या ‘अ’ मध्ये ‘सर्व’ आणि ‘केवळ’ दोन्ही आले होते. मी दोन्ही काढले. ‘समानतेचे हक्क नागरिकांना दिलेले आहेत, परदेशी व्यक्तींना नाहीत’ असे लिहिले. समज तोच राहिला, इशारा गेला.

दुसरा धोका त्याहून मोठा आहे. समानतेच्या हक्कात नियमाला अपवाद आणि अपवादाला मर्यादा असल्यामुळे हे शब्द चुकीचे विधान खरे करतात किंवा खरे विधान खोटे करतात. अनुच्छेद 15(1) मधला ‘केवळ’ हा शब्द तर मूळ मजकुराचा भाग आहे आणि तो गाळला की अर्थच बदलतो. ‘राज्य लिंगाच्या आधारे कोणताही भेद करू शकत नाही’ हा पर्याय बरोबर म्हणून दिला, तर 15(3) खाली स्त्रिया व बालकांसाठी करता येणाऱ्या विशेष तरतुदी त्याला खोटे पाडतात. ‘समानतेचा हक्क खासगी व्यक्तीविरुद्ध मिळत नाही’ हे बरोबर मानून दिले, तर दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, घाट यांविषयीचा 15(2) आणि अस्पृश्यतेविषयीचा 17 आडवे येतात. ‘सरकारी नोकरीसाठी राज्यातील निवासाची अट कधीही घालता येत नाही’ हे 16(3) मुळे टिकत नाही. तशी अट घालणारा कायदा करण्याचा अधिकार मात्र फक्त संसदेला आहे, आणि ‘राज्य विधानमंडळ असा कायदा करू शकते’ हा त्या प्रश्नाचा फार चांगला चुकीचा पर्याय होतो, कारण स्थानिकांना नोकऱ्यांची चर्चा ऐकलेल्या प्रत्येकाला तो खरा वाटतो.

7. दोन वाचक, मग चाचणी, मग मोजणी

वाचकाला उत्तरतालिका देऊ नये. कायदा जाणणाऱ्याला विचारावे, ‘चुकीच्या पर्यायांपैकी कोणता बरोबर ठरवून दाखवता येईल?’ कायदा न जाणणाऱ्याला विचारावे, ‘विषय माहीत नसताना यातला कोणता उचलाल आणि का?’ दुसऱ्या वाचकाने बरोबर पर्याय लगेच उचलला तर भाषेत कुठेतरी खूण राहिली आहे असे समजावे. माझ्या एका मसुद्यात प्रश्नात ‘व्यक्ती’ हा शब्द होता आणि तोच शब्द फक्त बरोबर पर्यायात आला होता. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने एवढ्यावरून उत्तर ओळखले. म्हणून प्रसंगात मी सगळीकडे ‘दुकानदार’ असे केले, आणि ‘अ’ मध्येही ‘परदेशी व्यक्तींना’ हे शब्द मुद्दाम ठेवले.

चाचणी झाल्यावर कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते मोजावे. समजा 40 जण बसले आणि एखादा चुकीचा पर्याय एकानेच घेतला, तर तो कामाचा नाही. साधारण पाच टक्क्यांखाली निवड असलेला पर्याय बदलायचा असतो, म्हणजे 40 मध्ये निदान दोघांनी तरी तो घ्यायला हवा. त्यापुढे उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे लावून वरचे 10 आणि खालचे 10 वेगळे काढावेत. खालच्या गटात चुकीचा पर्याय जास्त आणि वरच्या गटात कमी निवडला गेला असेल तर तो नीट काम करतो आहे. उलट दिसले, म्हणजे वरच्या गटातली मुले एखाद्या चुकीच्या पर्यायाकडे वळलेली दिसली, तर त्यांना दोष देण्याआधी तो पर्याय आणि संविधानाची प्रत पुन्हा समोर घ्यावी आणि त्यांतल्या दोघातिघांना बोलावून कारण विचारावे. माझा पहिला मसुदा वकिलांच्या नजरेतून न जाता चाचणीत गेला असता, तर वरच्या गटाने ‘नाही’ निवडून मला हेच दाखवले असते.

मोजणीनंतर प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे लिहिलेली ती एक ओळ स्पष्टीकरण म्हणून विद्यार्थ्यांना द्यावी. ‘क’ निवडणाऱ्याला ‘उत्तर ब आहे’ एवढे सांगून भागत नाही. त्याला 14 आणि 15(1) यांची पहिली वाक्ये शेजारी शेजारी वाचायला लावावीत आणि ‘व्यक्तीस’ व ‘नागरिकाला’ या दोन शब्दांखाली त्याच्याच पेनाने रेघ मारून घ्यावी.